दोन तृतीयांश, पण कशाचे? ‘कर्करोग आणि दुर्दैव’ या बातमीच्या पडताळणीच्या नोंदी

३ मार्च २०२५

आरोग्यविषयक जुन्या बातम्या मूळ संशोधनाशी ताडून पाहण्याच्या आमच्या प्रकल्पात आज नवे कात्रण हाती घेतले. ते जानेवारी २०१५ मधील एका दैनिकाचे आहे आणि त्याच्या शीर्षकाचा आशय असा की दोन तृतीयांश कर्करोग केवळ दुर्दैवाने होतात. त्या आठवड्यात जगभरातील वृत्तपत्रांनी हीच बातमी थोड्याफार फरकाने छापली होती, त्यामुळे चूक कोणा एका उपसंपादकाची आहे असे मानून चालणार नाही. ती कोठून आली आणि कोणकोणत्या टप्प्यांवरून पुढे सरकली, हे पाहणे अधिक उपयोगाचे ठरेल.

कात्रणातील विधाने आधी सुटी करून लिहिली. पहिले, शंभर कर्करोगांपैकी सुमारे पासष्ट कर्करोगांचे कारण योगायोगाने घडलेली उत्परिवर्तने, म्हणजे पेशींच्या डीएनएतील बदल, हे आहे. दुसरे, उरलेल्या एक तृतीयांशच कर्करोगांना परिसर, सवयी आणि आनुवंशिकता कारणीभूत आहेत. तिसरे विधान थेट लिहिलेले नाही, पण वाचक ते स्वतःच काढणार हे उघड आहे: तंबाखू सोडून फारसा फरक पडत नाही. मिश्री आणि गुटखा ज्या घरांत रोजच्या वापरात आहे तेथे हे तिसरे विधान सर्वांत आधी पोहोचते, म्हणून तेही तपासणीत धरले आहे.

४ मार्च

बातमीमागील तिन्ही कागद मिळाले. मूळ शोधनिबंध ख्रिस्तियन तोमासेती आणि बर्ट वोगलस्टाइन या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातील दोघांचा असून तो ‘सायन्स’ नियतकालिकात २ जानेवारी २०१५ रोजी प्रसिद्ध झाला (`10.1126/science.1260825`). नियतकालिकातील प्रत सशुल्क असली तरी लेखकांची प्रत पबमेड सेंट्रलवर मोफत वाचता येते. दुसरा कागद म्हणजे विद्यापीठाचे प्रसिद्धीपत्रक आणि तिसरा आपले कात्रण.

वाचण्याचा क्रम मुद्दाम ठरवून घेतला आहे: प्रथम शोधनिबंध, मग प्रसिद्धीपत्रक आणि शेवटी पुन्हा बातमी. बातमी डोक्यात ठेवून निबंध वाचला, तर तिच्याशी जुळणारे वाक्य शोधले जाते आणि ते सापडले की वाचन तेथेच थांबते. निबंधातही सारांश शेवटी वाचायचा, कारण या प्रकरणात सारांशाचीच तपासणी करावी लागणार असे दिसते.

७ मार्च

निबंध पूर्ण वाचला. लेखकांचा प्रश्न रास्त आहे आणि बातमीतील प्रश्नापेक्षा तो निराळा आहे. शरीराच्या वेगवेगळ्या ऊतींत कर्करोग होण्याच्या शक्यतेत एवढी तफावत का असते, असे त्यांनी विचारले आहे. अमेरिकेतील आकडेवारीनुसार आयुष्यभरात मोठ्या आतड्याचा कर्करोग होण्याची शक्यता ४.८२ टक्के आहे, तर लहान आतड्याच्या बाबतीत ती ०.२० टक्के आहे. दोन्ही एकाच अन्नमार्गाचे भाग असून दोहोंतून तेच अन्न जाते, तरीही फरक चोवीस पटींचा आहे. लहान आतड्याच्या कर्करोगाची तुलना मेंदूशी केली तर कोडे आणखी वाढते. मेंदूतील पेशींचा बाहेरच्या घातक द्रव्यांशी आतड्याच्या मानाने कितीतरी कमी संबंध येतो, आणि तरीही मेंदूच्या गाठी लहान आतड्याच्या कर्करोगाच्या तिप्पट आढळतात.

लेखकांनी सुचवलेले उत्तर मूळपेशींच्या, म्हणजे विभाजन होऊन ऊतीला नव्या पेशी पुरवणाऱ्या पेशींच्या, विभाजनाचे आहे. प्रत्येक विभाजनात डीएनएची नक्कल होते आणि प्रत्येक नकलेत चुका राहण्याची थोडी शक्यता असते. त्यामुळे ज्या ऊतीत मूळपेशींची आयुष्यभरातील एकूण विभाजने जास्त, तेथे कर्करोगाची शक्यताही जास्त असावी. हे पाहण्यासाठी त्यांनी कर्करोगाचे ३१ प्रकार घेतले, ज्यांच्याबद्दल मूळपेशींची संख्या आणि विभाजनाचा वेग आधीच्या संशोधनातून अंदाजता येत होता. आडव्या अक्षावर एकूण विभाजने आणि उभ्या अक्षावर आयुष्यभरातील शक्यता, दोन्ही लॉग मापात मांडल्यावर ठिपके एका तिरक्या पट्ट्यात आले. सहसंबंध गुणांक ०.८०४ निघाला.

त्याचा वर्ग सुमारे ०.६५ होतो आणि बातमीतील ‘दोन तृतीयांश’ येथूनच निघाले आहे. निबंधातील मुख्य वाक्यात हे बरेच नीट मांडले आहे: निरनिराळ्या ऊतींमधील कर्करोगाच्या शक्यतेत जो फरक आहे, त्या फरकाच्या ६५ टक्के भागाचा उलगडा मूळपेशींच्या विभाजनांच्या संख्येने होतो. त्यासोबत विश्वासाच्या मर्यादाही दिल्या आहेत, ३९ ते ८१ टक्के. आपल्या कात्रणात या मर्यादा नाहीत, आणि त्या असत्या तर ‘दोन तृतीयांश’ असे ठामपणे लिहिणे कोणालाही जड गेले असते.

१० मार्च

बैठकीत एकाच मुद्द्यावर बराच वेळ गेला: या ६५ टक्क्यांचा छेद कोणता? बातमीत तो ‘सर्व कर्करोग’ असा आहे, म्हणजे रुग्णांची संख्या. निबंधात तो ‘३१ ऊतींमधील शक्यतेतील एकूण तफावत’ असा आहे. टक्केवारी तीच राहिली, पण खालचा छेद बदलला आणि त्याबरोबर विधान पार निराळे झाले.

प्रकल्पातील संपादकबाईंचे म्हणणे असे पडले की सामान्य वाचकाला हा फरक केवळ तांत्रिक वाटेल. म्हणून पावसाचे उदाहरण टिपणात घ्यायचे ठरले. महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि त्याच सातारा जिल्ह्यातील माण तालुक्यात जेमतेम पाचशेच्या आसपास. प्रत्येक पर्जन्यमापक केंद्राची सरासरी घेऊन ती घाटमाथ्यापासूनच्या अंतराशी ताडली, तर केंद्राकेंद्रांतील फरकाचा मोठा भाग त्या अंतराने समजतो. पण त्यावरून ‘पडलेल्या पाण्यातील एवढे टक्के पाणी घाटामुळे पडले’ असे म्हणता येत नाही. एखाद्या वर्षी मान्सून कमजोर झाला आणि प्रत्येक केंद्रावर नेमका निम्मा पाऊस पडला, तरी महाबळेश्वर आणि माण यांतील प्रमाण तेच राहील आणि सहसंबंधही तोच येईल. म्हणजे दुष्काळ पडला आहे की नाही हे त्या आकड्याला कळूच शकत नाही.

१२ मार्च

हीच गोष्ट कर्करोगाच्या मूळ आकड्यांवर करून पाहिली. निबंधाच्या पूरक सामग्रीत ३१ प्रकारांचा तक्ता आहे. त्यातील एकूण विभाजने `lscd` आणि आयुष्यभरातील शक्यता `risk` अशा दोन स्तंभांत उतरवून घेतली. मग अशी कल्पना केली की काही उपायाने प्रत्येक प्रकारचे निम्मे रुग्ण टळले.

```python
import numpy as np, pandas as pd
d = pd.read_csv("tissues.csv")
x = np.log10(d.lscd)
print(np.corrcoef(x, np.log10(d.risk))[0, 1])
print(np.corrcoef(x, np.log10(d.risk / 2))[0, 1])
```

दोन्ही ओळींतून तोच गुणांक बाहेर पडतो. यात आश्चर्य काही नाही. लॉग मापात दोनने भागणे म्हणजे प्रत्येक ठिपका ०.३० ने खाली सरकवणे, आणि सगळेच ठिपके सारखे सरकले की पट्ट्याचा आकार बदलत नाही. पण बातमीच्या दृष्टीने याचा अर्थ मोठा आहे. निम्मे कर्करोग टाळता येत असोत वा एकही टाळता येत नसो, हा आकडा दोन्ही जगांत ६५ टक्केच राहील. म्हणून किती कर्करोग टाळता येतात, याचे उत्तर त्यातून काढताच येत नाही.

सांख्यिकी शिकवणाऱ्या सहकाऱ्यांनी घेतलेली हरकत येथे नोंदवली पाहिजे. प्रत्यक्षात कोणताही उपाय सगळ्या ऊतींवर सारखा चालत नाही. तंबाखू नाहीशी झाली तर फुप्फुस, तोंड, अन्ननलिका अशा मोजक्याच जागांचे ठिपके खाली येतील आणि सहसंबंध थोडा बदलेल. ते खरेच आहे. वरची कसोटी प्रतिबंधाचे चित्र रंगवण्यासाठी नाही. ६५ टक्के हे कारणांच्या वाट्याचे माप नव्हे एवढेच तिच्यातून दिसते, आणि तेवढ्यासाठी ती पुरेशी आहे. टिपणात हे वाक्य जसेच्या तसे जाईल.

१५ मार्च

आज आलेखातील ठिपके एकेक करून पाहिले, आणि बातमीतले तिसरे, न लिहिलेले विधान या आलेखावरच कोसळते असे आढळले. फुप्फुसाच्या ॲडिनोकार्सिनोमाचे दोन ठिपके आहेत: एक धूम्रपान न करणाऱ्यांचा, दुसरा करणाऱ्यांचा. विभाजनांची संख्या दोहोंसाठी एकच धरली असल्याने दोन्ही ठिपके एकाच उभ्या रेषेवर येतात. तक्त्यात न करणाऱ्यांची शक्यता ०.४५ टक्के आणि करणाऱ्यांची ८.१ टक्के दिली आहे, म्हणजे अठरा पट. डोळ्यांना मात्र हे अंतर किरकोळ भासते, कारण उभ्या अक्षावरचा प्रत्येक टप्पा दहा पटींचा आहे आणि अठरा पट म्हणजे असे सव्वा टप्पेच. हेपेटायटिस ‘सी’ असलेल्या आणि नसलेल्या लोकांच्या यकृताच्या कर्करोगाची अशीच जोडी आहे, आणि तेथे फरक दहा पटींचा आहे. परिसर आणि संसर्ग यांचा परिणाम लेखकांनी लपवलेला नाही. तो आलेखातच आहे, मापामुळे लहान दिसतो इतकेच.

दुसरी पाहणी ३१ प्रकारांच्या यादीची. हाडांचा ऑस्टिओसार्कोमा त्यात पाच वेळा आला आहे: एकदा एकूण, आणि मग हात, पाय, डोके व कटिभाग असा वेगवेगळा. हा अतिशय दुर्मीळ कर्करोग आहे, पण आलेखावर त्याच्या प्रत्येक ठिपक्याला मोठ्या आतड्याच्या ठिपक्याएवढेच वजन आहे. उलट स्तन आणि प्रोस्टेट यांचे कर्करोग यादीत नाहीत, कारण त्यांच्या मूळपेशींची विश्वसनीय माहिती लेखकांना मिळाली नव्हती. गर्भाशयमुख आणि जठरही नाही. भारतात स्त्रियांमध्ये सर्वाधिक आढळणारे दोन कर्करोग स्तनाचा आणि गर्भाशयमुखाचा. ते दोन्ही ज्या यादीत नाहीत, तिच्यावरून ‘दोन तृतीयांश कर्करोग’ असे येथल्या वाचकाला सांगितले गेले. शिवाय शक्यतेचे आकडे अमेरिकेचे आहेत. मुखाचा कर्करोग डोके व मान या गटात मोडतो, पण तेथला आकडाही तंबाखू चघळणाऱ्या आपल्याकडच्या लोकांचा नव्हे.

१८ मार्च

आता चूक कोणत्या टप्प्यावर शिरली ते पाहिले. प्रसिद्धीपत्रकाच्या सुरुवातीलाच असे आहे की लेखकांच्या मोजमापानुसार प्रौढांतील कर्करोगाच्या प्रादुर्भावाच्या दोन तृतीयांश भागाचे स्पष्टीकरण ऊतींचा एकत्र विचार करता मुख्यतः ‘दुर्दैवा’ने देता येते. ‘ऊतींचा एकत्र विचार करता’ हे शब्द वाक्यात आहेत खरे, पण ‘तफावत’ गळली आहे आणि तिच्या जागी ‘प्रादुर्भाव’ बसला आहे. छेद बदलला तो येथे. बातमीदाराने फक्त ‘ऊती’ वगळल्या आणि शीर्षक तयार झाले. त्याच पत्रकात स्तन व प्रोस्टेट वगळल्याचा उल्लेख आहे आणि सर्व कर्करोग दुर्दैव, परिसर व आनुवंशिकता यांच्या मिश्रणातून होतात असे वोगलस्टाइन यांचे विधानही आहे. कात्रणात यातले काहीच उतरलेले नाही.

तरी सगळा दोष पत्रकावर टाकता येत नाही. निबंधाच्या सारांशात ‘तफावतीचा फक्त एक तृतीयांश भाग’ परिसर किंवा आनुवंशिकता यांच्यामुळे आणि बहुतांश भाग ‘दुर्दैवा’मुळे, असे लेखकांनी स्वतःच लिहिले आहे. तफावत हा शब्द त्यांनी राखला, हे मान्य. पण उलगडा न झालेला सगळा भाग परिसर व आनुवंशिकता यांच्या खाती टाकणे त्यांच्याच पद्धतीत बसत नाही, कारण त्या उरलेल्या भागात मूळपेशींच्या संख्येच्या अंदाजांतील चुकाही आल्या. आणि ‘दुर्दैव’ हा शब्द त्यांनी सारांशात घातल्यावर तो शीर्षकात जाणार नाही अशी अपेक्षा कोणी करू नये.

चूक बातमीच्या आधीच शिरलेली असणे हे अपवादात्मक नाही. कार्डिफच्या पेट्रोक समनर आणि सहकाऱ्यांनी डिसेंबर २०१४ मध्ये ‘बीएमजे’ या वैद्यकीय नियतकालिकात ब्रिटनमधील वीस विद्यापीठांची ४६२ प्रसिद्धीपत्रके आणि त्यांवरील ६६८ बातम्या मूळ निबंधांशी ताडल्या होत्या. सहसंबंधाला कार्यकारणभावाचे रूप देण्याची अतिशयोक्ती पत्रकात असेल, तेव्हा ८१ टक्के बातम्यांत ती सापडली, आणि पत्रकात नसेल तेव्हा १८ टक्के बातम्यांत. हा अभ्यासही निरीक्षणात्मक आहे, त्यामुळे पत्रकामुळेच बातमी बिघडते असे तो सिद्ध करत नाही. पण पत्रक न पाहता बातमीदारावर ठपका ठेवू नये एवढे त्यावरून नक्कीच ठरते.

२१ मार्च

जागतिक आरोग्य संघटनेच्या ‘आयएआरसी’ या कर्करोग संशोधन संस्थेने १३ जानेवारी २०१५ रोजी या निबंधावर आपले पत्रक काढले होते. संस्थेच्या हरकती वजनदार आहेत: दुर्मीळ कर्करोगांवर भर, नेहमीचे कर्करोग वगळलेले, फक्त अमेरिकेची लोकसंख्या. त्यातही सर्वांत पटणारा मुद्दा असा की एकाच कर्करोगाचे प्रमाण देशागणिक आणि काळागणिक फार बदलते. मूळपेशींच्या विभाजनाचा वेग काही देशाच्या सीमेवर बदलत नाही, त्यामुळे हा फरक त्याने समजणार नाही. जगातील जवळपास निम्मे कर्करोग टाळता येण्याजोगे आहेत, असेही पत्रकात म्हटले आहे.

मात्र खंडनालाही तीच कसोटी लावली पाहिजे. परिसर आणि जीवनशैली यांचा वाटा एक तृतीयांशाहून कमी ‘कर्करोगांत’ आहे असा दावा निबंधात केला आहे, असे त्या पत्रकाच्या उपशीर्षकात लिहिले आहे. निबंधात असा दावा नाही. तेथे तफावत आहे, रुग्ण नाहीत. म्हणजे खंडन करणाऱ्यांनीही बातमीतलाच छेद उचलला. आमच्या टिपणात आयएआरसीच्या हरकती घेऊ, पण निबंध काय म्हणतो हे सांगताना त्यांच्या पत्रकाचा आधार घेणार नाही.

२४ मार्च

निर्णय लिहिला. ‘खोटी’ असा शिक्का मारावा असा एक आग्रह होता, तो मान्य झाला नाही, कारण बातमीतील आकडा खरा आहे आणि निबंधातूनच आलेला आहे. नोंद अशी राहील: ‘आकडा बरोबर, तो कशाचा आहे हे चुकीचे.’ शीर्षकासाठी सुचवलेले वाक्य: ‘काही अवयवांत कर्करोग अधिक आणि काहींत कमी का, याचे बरेचसे उत्तर पेशींच्या विभाजनात, अमेरिकेतील आकडेवारीवरून निष्कर्ष.’ उपसंपादक हे लांब म्हणून नाकारतील, हे संपादकबाईंनी लगेच सांगितले. मग ‘काही अवयवांतच कर्करोग अधिक का?’ एवढेच ठेवून बाकीचे पहिल्या परिच्छेदात न्यायचे ठरले.

२७ मार्च

याच लेखकांच्या पुढच्या निबंधावरचे मार्च २०१७ मधील कात्रण आज घेतले. त्यातही ‘दोन तृतीयांश’ आहे, आणि म्हणून ते पहिल्याच संशोधनाची पुष्टी म्हणून छापले गेले आहे. प्रत्यक्षात हा निराळा दोन तृतीयांश आहे. तोमासेती, ली आणि वोगलस्टाइन यांनी ‘सायन्स’मध्ये २४ मार्च २०१७ रोजी दोन गोष्टी मांडल्या. एक, ६९ देशांतील नोंदींवरून जुना सहसंबंध पुन्हा तपासला आणि तो साधारण तेवढाच, मध्यक ०.८०, आला. यावेळी स्तन आणि प्रोस्टेट यांचाही समावेश होता. दुसरी गोष्ट नवी होती: कर्करोगाच्या पेशींत आढळणाऱ्या, रोगाला कारण ठरणाऱ्या उत्परिवर्तनांपैकी ६६ टक्के नकलेतील चुकांमुळे, २९ टक्के परिसरामुळे आणि ५ टक्के आनुवंशिक, असा अंदाज. म्हणजे २०१५ चा छेद तफावत होता, २०१७ चा उत्परिवर्तने आहे, आणि कात्रणात दोन्ही वेळा रुग्ण छापले आहेत.

उत्परिवर्तने आणि रुग्ण यांत काय अंतर पडते, ते दाखवायला लहानसे गणित पुरते. समजा एका कर्करोगासाठी तीन उत्परिवर्तने एकत्र यावी लागतात आणि शंभर रुग्णांत प्रत्येकाच्या बाबतीत दोन नकलेतील चुकीने, एक धुरामुळे झाले. एकूण तीनशे उत्परिवर्तनांपैकी दोनशे, म्हणजे ६७ टक्के, योगायोगाची. पण धूर नसता तर तिसरे उत्परिवर्तन झाले नसते आणि शंभरपैकी एकालाही हा कर्करोग झाला नसता. निबंधात लेखकांनी हेच फुप्फुसाच्या कर्करोगावर मांडले आहे. तेथील सुमारे एक तृतीयांश उत्परिवर्तने नकलेतील चुकांची असली तरी बहुसंख्य रुग्ण टाळता येण्याजोगे आहेत, आणि ब्रिटनमधील ४२ टक्के कर्करोग टाळता येतात हा तेथला प्रचलित अंदाज आपल्या निष्कर्षांशी विसंगत नाही, असे ते स्पष्ट लिहितात.

या वेळी विद्यापीठाच्या पत्रकाने ‘उत्परिवर्तनांपैकी’ हा शब्द राखला होता, त्यामुळे या कात्रणात छेद बदलला तो बातमी लिहिताना. २०१५ च्या नोंदीतील जबाबदारीचा रकाना येथे तसाच उतरवता येणार नाही. तो पुन्हा भरावा लागेल.